उच्चारासाठी 10 गुण

तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसण्याचा योग आला होता. आमच्या हातात दिलेल्या गुणपत्रकावर विषयाची मांडणी, आशय, सादरीकरण असे रकाने होते आणि शेवटचा रकाना होता ‘उच्चार : 10 गुण’. दहावीतली एक मुलगी दुष्काळावर बोलायला उभी राहिली. टँकर येण्याच्या आदल्या रात्री हंड्यांची रांग कशी लावतात, रांगेतली जागा राहावी म्हणून हंड्याच्या गळ्याला घरोघरच्या वेगळ्या रंगाची चिंधी कशी बांधतात, टँकरचा पाइप विहिरीत सोडला की पहिल्या काही मिनिटांत वर येणारा गढूळपणा आधी कोणी उपसायचा यावरून कशी भांडणे होतात, हे तिने इतक्या बारकाईने सांगितले की, मागच्या बाकांवरची कुजबुज आपोआप थांबली. विषयच असा होता की ‘पाणी’ हा शब्द दर दुसऱ्या वाक्यात येत होता, आणि दर वेळी ती ‘पानी’ म्हणत होती. माझ्या शेजारचे परीक्षक निवृत्त शिक्षक होते आणि मनाने सज्जन होते. त्यांनी उच्चाराच्या रकान्यात 4 लिहिले, भोवती गोल केला आणि माझ्याकडे झुकून म्हणाले, “मुलगी हुशार आहे हो, पण घरचं वळण ऐकू येतं.” मुलीला दुसरे बक्षीस मिळाले, फोटो निघाले, चहा झाला. ते वाक्य मात्र माझ्या कानातून जाईना.

एका व्यंजनावरून त्यांनी घर ओळखले होते.

न्यायशास्त्राचे तर्कसंग्रह हे पाठ्यपुस्तक शिकलेल्यांना पर्वतावरचा धूर आठवेल. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तेथे अग्नी आहे असे आपण अनुमान करतो. पण ते अनुमान उभे राहते ते ‘जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी’ या व्याप्तीवर, म्हणजे दोन गोष्टी नेहमी एकत्र असतात या नियमावर. व्याप्ती कच्ची असेल तर अनुमानही कच्चे, मग ते करणारा कितीही विद्वान असो. भाषाशास्त्रात ज्याला इंडेक्सिकॅलिटी म्हणतात ती हीच गोष्ट आहे. उच्चाराला शब्दार्थाखेरीज दुसरा एक अर्थ चिकटतो. तो बोलणाऱ्याकडे बोट दाखवतो आणि हा कुठला, कोणाचा, किती शिकलेला, हे सुचवतो. ‘पानी’ म्हटल्याने तहान भागवणाऱ्या पदार्थाविषयी काहीही कमी कळत नाही, पण ऐकणाऱ्याला त्यामागे एक घर दिसू लागते. माझ्या शेजारच्या गृहस्थांना धूर दिसला होता, यात शंका नाही. मला प्रश्न पडला तो व्याप्तीचा, की ती कोणी आणि केव्हा घालून दिली.

पहिले स्पष्टीकरण नेहमी जिभेचे दिले जाते. ‘त्यांची जीभ वळत नाही’ हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेले आहे. ते खरे आहे की नाही हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. ‘थंडी’ हा शब्द सावकाश म्हणावा आणि ‘ड’ येण्यापूर्वी जीभ कोठे आहे ते पाहावे. तिचे टोक मागे वळून टाळूला लागलेले असते, म्हणजे तो अनुनासिक ध्वनी ‘ण्’च असतो. ‘अंडे’, ‘खंडोबा’, ‘घंटा’ या सर्व शब्दांत तो आहे, आणि ‘पानी’ म्हणणारी ती मुलगी ‘हंडा’ म्हणताना प्रत्येक वेळी निर्दोष ‘ण्’ उच्चारत होती. त्या दिवशी तिच्या तोंडी ‘हंडा’ हा शब्द ‘पानी’च्या खालोखाल आला असेल. म्हणजे जीभ वळते. फरक एवढाच आहे की, दोन स्वरांच्या मध्ये किंवा शब्दाच्या शेवटी तिच्या बोलीत ‘न’ आणि ‘ण’ हे दोन वेगळे ध्वनी मानलेले नाहीत, दोघांची जागा एकट्या ‘न’ने घेतली आहे. मुळात ही जागाही लहान आहे, कारण मराठीत ‘ण’ने शब्द सुरू होत नाही. शिवाय ‘पाणी’तला आपला ‘ण’ हा वर्णमालेत घोटवून घेतात तसा ठाम ‘ण’ नसतो. ओघात बोलताना जीभ टाळूला निसटता स्पर्श करून खाली येते आणि नाकातून जाणारा एक ‘ड़’सारखा आवाज निघतो. ‘न’ आणि ‘ण’ यांच्यात कानाला जाणवणारे अंतर आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच कमी आहे. ‘सन’ आणि ‘सण’, ‘मन’ आणि ‘मण’, ‘खान’ आणि ‘खाण’ अशा जोड्या दाखवून गोंधळाची भीती घातली जाते, पण ‘दिवाळीचा सन’ ऐकून कोणी वर्ष विचारल्याचे मी पाहिलेले नाही.

दुसरे स्पष्टीकरण शुद्धतेचे, म्हणजे मूळ ‘ण’ होता आणि तो बिघडून ‘न’ झाला, असे. येथे इतिहास थोडा खट्याळ आहे. संस्कृतातला शब्द ‘पानीय’ आहे आणि त्यात ‘न’ आहे. प्राकृतांचे व्याकरण सांगताना वररुचीने ‘नो णः सर्वत्र’ असे सूत्रच दिले, म्हणजे ‘न’चा सगळीकडे ‘ण’ होतो. आपले ‘पाणी’, ‘जण’, ‘माणूस’ हे शब्द त्या वाटेने आलेले आहेत. मूळ ‘न’ बदलून त्यांत ‘ण’ आला आहे. याच्या उलट संस्कृतात जेथे जोडाक्षरात खरोखर ‘ण’ होता तेथे प्रमाण मराठीने तो सोडून दिला. ‘कर्ण’चा प्राकृतात ‘कण्ण’ झाला आणि मराठीत ‘कान’. तसेच ‘पर्ण’चे ‘पान’, ‘चूर्ण’चा ‘चुना’, ‘जीर्ण’चा ‘जुना’, ‘सुवर्ण’चे ‘सोने’. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने 1920 साली प्रसिद्ध झालेल्या मराठीच्या घडणीवरील ग्रंथात ही व्यवस्था मांडली आहे: एकेरी ‘न’चा ‘ण’ झाला आणि दुहेरी ‘ण्ण’चा ‘न’. मूळ ‘ण’ टाकणे हा दोष मानला तर ‘सोने’ म्हणणारा प्रत्येक मराठी माणूस त्या दोषाचा धनी आहे. बोलींनी केले ते इतकेच की, अर्ध्या शब्दांत झालेला बदल उरलेल्या अर्ध्या शब्दांपर्यंत नेला. भाषा जगभर असेच करत असतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते आणि ती आपल्या सीमेबाहेरची आहे. प्रमाण हिंदीत ‘पानी’ म्हणतात. हरियाणात आणि राजस्थानात ‘पाणी’ म्हणतात. हिंदी चित्रपटात गावंढळ हवालदार किंवा रांगडा पहिलवान दाखवायचा असला की त्याच्या तोंडी ‘अपणा’, ‘खाणा’, ‘पाणी’ घालतात आणि प्रेक्षक हसतात. म्हणजे ज्या ‘ण’मुळे आमच्या परीक्षकांना घरचे चांगले वळण ऐकू आले असते, तोच ‘ण’ दिल्लीच्या एखाद्या परीक्षकाला खेडवळ वाटला असता, आणि आमच्या मुलीचा ‘न’ त्याच्या कानाला अगदी सुसंस्कृत वाटला असता. न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यात ‘र’च्या बाबतीत असेच आहे. शब्दाच्या शेवटचा ‘र’ स्पष्ट उच्चारणे न्यूयॉर्कमध्ये वरच्या वर्गाचे लक्षण, तर तोच गाळणे लंडनमध्ये प्रतिष्ठेचे. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी 1962 साली न्यूयॉर्कमधील महाग, मध्यम आणि स्वस्त अशा तीन दुकानांत जाऊन चौथ्या मजल्यावरच्या वस्तूंची चौकशी केली आणि विक्रेत्यांच्या ‘फोर्थ फ्लोअर’मधले ‘र’ मोजले; दुकान जितके महाग तितके ‘र’ अधिक निघाले. धूर तोच असला तरी एका डोंगरावर त्याखाली अग्नी मानतात आणि दुसऱ्या डोंगरावर पाणी.

तेव्हा ‘ण’ला प्रतिष्ठा मिळण्याचे कारण त्या ध्वनीत सापडत नाही, ते माणसांच्या व्यवहारात शोधावे लागते. ही घडण कशी होते याचे शास्त्रशुद्ध वर्णन 2003 साली एकाच नियतकालिकाच्या एकाच वर्षात आलेल्या दोन लेखांत मिळते. मायकेल सिल्व्हरस्टीन यांनी दाखवले की, उच्चाराचा सामाजिक अर्थ पायरीपायरीने चढतो. पहिल्या पायरीवर फरक असतो, पण तो फक्त मोजणाऱ्याला दिसतो. दुसऱ्या पायरीवर बोलणाऱ्यांना त्याची चाहूल लागते आणि ते प्रसंगानुसार उच्चार बदलू लागतात. त्याही वर गेले की तो उच्चार नावानिशी ओळखला जातो, त्याची नक्कल होते, त्यावर विनोद होतात. आसिफ आगा यांनी इंग्लंडमधल्या प्रतिष्ठित उच्चारपद्धतीचा इतिहास लिहून ही पुढची घडण उलगडली आणि तिला एनरेजिस्टरमेंट म्हटले. त्यांच्या मते उच्चारकोश, शिष्टाचाराची पुस्तके, कादंबऱ्यांतली पात्रे, निवासी शाळा यांच्या साखळीतून एका लहानशा गटाची बोलण्याची रीत साऱ्या देशाला ओळखता येऊ लागली. सर्वांना ती बोलता येत नव्हती, पण ऐकून ओळखता येत होती, आणि ओळखण्याबरोबर तिच्यापुढे मान लववणेही अंगवळणी पडले.

आपल्याकडची साखळी ओळखायला फार दूर जावे लागत नाही. मोल्सवर्थचा कोश 1831 साली निघाला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 साली आले आणि सरकारी शाळांसाठी क्रमिक पुस्तके छापली जाऊ लागली. या साऱ्या कामात शास्त्री-पंडितांचा वरचष्मा होता आणि प्रमाण म्हणून पुण्याकडच्या शिष्ट, म्हणजे मुख्यतः ब्राह्मण घरांतल्या बोलीकडे पाहिले गेले. तोपर्यंत गावात दोन आळ्यांत दोन उच्चार असणे ही जातीपातीच्या इतर शेकडो फरकांसारखीच एक गोष्ट होती. छापील पुस्तकाने त्यांतल्या एका आळीचा उच्चार ‘मराठी’ ठरवला आणि दुसरीचा ‘चूक’. पुढे श्रुतलेखनाच्या वहीत ‘पानी’खाली तांबडी रेघ येऊ लागली आणि कानाने शिकलेली बोली डोळ्यांना अशुद्ध दिसू लागली. आकाशवाणीवरच्या बातम्यांनी तोच ‘ण’ घरोघरी पोहोचवला.

या साखळीतल्या एका कडीकडे मी विशेष लक्ष देऊ लागलो आहे, ती म्हणजे नाटक-कादंबऱ्यांतले संवाद. गडी, मोलकरीण, शेतकरी यांच्या तोंडी लेखक कटाक्षाने ‘पानी’, ‘कोन’, ‘आनि’ लिहितात. वकील, डॉक्टर, प्राध्यापक यांच्या तोंडी मात्र छापलेले असते ‘म्हणजे’ आणि ‘म्हणून’. खरे तर भरभर बोलताना प्राध्यापकही ‘म्हंजे’ आणि ‘म्हनून’च म्हणतात, आमच्या त्या परीक्षकांच्या बोलण्यातही चहाच्या वेळी ‘म्हंजे’ कितीदा तरी आले. पण त्यांचा उच्चार लेखक कोशातल्या स्पेलिंगने झाकतो आणि मोलकरणीचा उघडा ठेवतो. वाचकाला वाटते, एकजण शुद्ध बोलतो आणि दुसरी अशुद्ध. कागदावर जे दोन प्रकारे लिहिले गेले ते पुढे कानालाही दोन प्रकारे ऐकू येऊ लागते.

कानाची ही लबाडी सिद्ध झालेली आहे. नॅन्सी निएडझील्स्की यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डेट्रॉइटमधल्या लोकांना एकाच बाईचा आवाज ऐकवला. काहींच्या उत्तरपत्रिकेवर तिच्या ठिकाणाच्या जागी ‘मिशिगन’ लिहिले होते, काहींच्या ‘कॅनडा’. ऐकलेला स्वर कोणता हे सांगताना ‘कॅनडा’वाल्यांना कॅनडाच्या लोकांचा म्हणून प्रसिद्ध असलेला स्वर ऐकू आला, ‘मिशिगन’वाल्यांना तसा आला नाही. आवाज बदललेला नव्हता, बदलली होती ती चिठ्ठी. अनुमानाच्या भाषेत बोलायचे तर येथे अग्नी आधीच गृहीत धरला आणि मग धूर दिसला.

माझा एक मामेभाऊ पुण्यात एका संगणक कंपनीत आहे. त्याच्या गाडीत बसून प्रवास करताना त्याचे फोन ऐकणे हा माझा छंद झाला आहे. साहेबांशी बोलताना त्याचा ‘ण’ इतका कोरीव असतो की, तो रंगभूमीवर शोभावा. तेवढ्यात गावाहून मामांचा फोन येतो आणि पहिल्याच वाक्यात “मोटर चालू केली का? पानी येतंय का?” असे सुरू होते. मी एकदा विचारले तर त्याला आपण बदलतो हे पटेना. पुढच्या फोनला त्याने स्वतःकडे कान दिला आणि मग जरा संकोचून हसला. पण त्याने दिलेले कारण मला महत्त्वाचे वाटते. गावी ‘पाणी’ म्हटले की मित्र म्हणतात, “लई बामनावानी बोलाय लागलास.” म्हणजे ‘ण’लाही तिथे वास आहेच, फक्त उलट्या बाजूने. पुण्यात ‘न’ अडाण्याचा ठरतो आणि गावात ‘ण’ शिष्ट, आपल्यातून फुटलेल्या माणसाचा ठरतो. दोन्हीकडे शिक्षा आहे. फरक असा की, पुण्यातली नोकरीच्या मुलाखतीत होते आणि गावातली पारावरच्या थट्टेत, आणि या दोन शिक्षांची किंमत सारखी नाही.

मुलाखतीची ही भीती कोठवर जाते हे सभासमारंभांत ऐकू येते. सूत्रसंचालक “आजच्या या आणंदाच्या क्षणी” म्हणतात, “मणापासून आभार” मानतात, “माणसिक आरोग्या”वर व्याख्यान ठेवतात. ‘न’ धोक्याचा आहे एवढे त्यांना पक्के ठाऊक झालेले असते. कोणता ‘न’ धोक्याचा आणि कोणता निरुपद्रवी, हे सांगणारा कोणताही नियम त्यांच्या मूळ बोलीत नसतो, आणि तो शब्दागणिक पाठ करण्याला पर्याय नसतो. म्हणून सावधगिरी म्हणून सगळीकडेच ‘ण’. लबॉव्ह यांना न्यूयॉर्कमध्येही हेच आढळले होते: अगदी जपून बोलण्याच्या प्रसंगी खालच्या मध्यमवर्गातले लोक ‘र’ उच्चारण्यात वरच्या वर्गाच्याही पुढे जात. गंमत अशी की, ‘आणंद’ म्हणणाऱ्याला ‘पानी’ म्हणणाऱ्यापेक्षाही जास्त हसतात. दरवाजा उघडण्यासाठी केलेली खटपटच तो बाहेरचा असल्याची खूण ठरते.

कोणी म्हणेल, काळ बदलला आहे, बोलींना आता भाव आला आहे. एका अर्थी ते खरे आहे. बार्बरा जॉनस्टन यांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराचा असाच अभ्यास केला. तेथल्या कामगारांच्या ‘डाउनटाउन’ला ‘डानटान’ म्हणण्याकडे आधी कोणाचे लक्षही नव्हते. पोलादाचे कारखाने बंद पडले, माणसे परगावी पांगली, तिकडे कोणीतरी त्यांच्या उच्चारावर बोट ठेवले आणि तेव्हा त्यांना कळले की, हे आपले आहे. पुढे तो उच्चार टी-शर्टांवर छापून विकला जाऊ लागला. आपल्याकडे ‘लय भारी’चे तसेच झाले. कोल्हापूर-सांगलीचा तो शब्द आता शहरातल्या मुलांच्या छातीवर दिसतो, आणि तो घालणाऱ्याला कोणी अडाणी म्हणत नाही. वऱ्हाडातला ‘ळ’चा ‘य’ही, ‘डोया’ आणि ‘केयी’, हळूहळू कौतुकाने ऐकला जातो. ‘पानी’ लिहिलेला टी-शर्ट मात्र मी अजून पाहिलेला नाही. याचे कारण मला असे दिसते की, ‘लय’ला जिल्हा आहे, ‘डोया’ला प्रांत आहे; ते बोट दाखवतात नकाशावर. ‘न’ला नकाशा नाही. तो वऱ्हाडात आहे, खानदेशात आहे, मराठवाड्यात आहे आणि रायगड-ठाण्याच्या आगरी-कोळी वस्त्यांतही आहे. इतक्या सर्वांत आढळणारी खूण एखाद्या प्रदेशाची ओळख होऊ शकत नाही. हे सगळे लोक मिळून पुण्यामुंबईच्या शिकलेल्या घरांतले नाहीत, एवढेच ती सांगते. प्रदेशाची खूण अभिमानाने मिरवता येते, पण जिचा अर्थच ‘आमच्यातला नाही’ असा आहे ती कोण छातीवर लावेल?

आणि तरीही ही व्याप्ती किती तकलादू आहे हे हल्ली शहरातल्या कोणत्याही सोसायटीत पाहायला मिळते. इंग्रजी माध्यमात जाणारी मुले हिंदीच्या सहवासाने सर्रास ‘पानी’ म्हणतात, ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणतात. ‘ळ’चा हा ‘ल’ आगरी बोलीत पूर्वीपासून आहे. माझ्या ओळखीच्या एका घरी सात-आठ वर्षांचा नातू आणि रोज पोळ्या करायला येणाऱ्या बाई, दोघेही ‘पानी’च म्हणतात. नातवाच्या ‘पानी’ला आजी “काय हे कॉन्व्हेंटचं मराठी!” म्हणून पाहुण्यांसमोर कपाळाला हात लावतात, आणि त्या तक्रारीत शाळेच्या फीचा अभिमान लपत नाही. बाईंच्या ‘पानी’ला त्या काहीच म्हणत नाहीत, फक्त नातू त्यांच्या तोंडचे शब्द उचलू नये म्हणून त्याला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावतात. दोघांचे ‘पानी’ फोनवर ध्वनिमुद्रित करून आजींना ऐकवावे आणि कोणते कॉन्व्हेंटचे ते विचारावे, असे माझ्या फार मनात आहे. फक्त शब्द तेवढाच कापून घ्यावा लागेल, नाहीतर आवाजाच्या वयावरून त्या लगेच ओळखतील.